झोपेवरचा लेख आणि खंडाळ्याचा पोरगा

पंचाहत्तर सालच्या फेब्रुवारीत आमच्या हायस्कुलातल्या नाथाजी मास्तरांना सांगलीच्या रेडिओ केंद्राचं पत्र आलं. पत्र गावात इतक्या हातांतून फिरलं, की मास्तरांकडे परत आलं तेव्हा त्याला हळदीचा, तंबाखूचा आणि ताज्या गुळाचा असे तीन वास येत होते. मजकूर मात्र एवढाच होता : शालान्त परीक्षेच्या ताणात असलेल्या मुलामुलींसाठी झोपेच्या सवयींवर दहा मिनिटांचं भाषण लिहून पाठवावं. भाषा सोपी असावी, सूचना घरात पाळता येतील अशा असाव्यात, आणि वैद्यकीय स्वरूपाचे दावे टाळावेत.

शेवटचं वाक्य मास्तरांनी वाचलं आणि विसरले.

विषय मात्र वेळेवर आला होता. त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी एकाच मार्चात बोर्डाला बसणार होत्या, त्यामुळे पोरांपेक्षा आईबापच जास्त घाबरलेले. पोरं पाण्याच्या बादलीत पाय सोडून रात्र-रात्र वाचत होती. बिनदुधाचा चहा घरोघर घागरीनं उकळत होता. ज्ञानू नावाचा एक पोरगा तर सायकल चालवता चालवता झोपायला शिकला होता. सायकल आपली आपण वळणं घेत त्याला घरी आणून सोडायची, आणि दारात आली की घंटी वाजवायची. निदान ज्ञानूची आई तरी तसं सांगे, आणि सायकलीनं ते कधी नाकारलं नाही.

मास्तरांनी दोन दिवस बसून लेख लिहिला. अर्धा लेख चांगला होता. रोज ठरल्या वेळी उठा, संध्याकाळनंतर चहा नको, अंथरुणात बसून गणितं करू नका, निजायच्या आधी अर्धा तास पुस्तक मिटा, असं सगळं साधं आणि खरं. पण एवढ्यानं मास्तरांचं समाधान होईना. वर्गात बेरीज शिकवतानासुद्धा ज्यांच्या गणितातल्या आंब्याच्या पाटीत एक नाग निघायचा, असे ते मास्तर. त्यांनी लेखात लिहिलं, की झोप कमी पडली तर मेंदू चरकातल्या चिपाडासारखा सुकतो. जागरणानं रक्त आटतं. आणि मग खंडाळ्याचा पोरगा घातला.

हा पोरगा फार हुशार. पण पेपरच्या आदल्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि सकाळी वर्गात बसला तर केलेला सगळा अभ्यास पुसून गेलेला. उत्तरपत्रिकेवर काय लिहायचं ते सोडाच, त्याला स्वतःच्या बापाचं नावसुद्धा आठवेना. शेवटी रडत घरी आला तर घर कुठलं तेही आठवेना.

लेख दहा मिनिटांत बसतो का, हे बघायला हवं होतं. म्हणून एका संध्याकाळी मास्तर ग्रामपंचायतीत गेले. शिपाई केरबानं कर्णा चालू केला, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि म्हणाला, "हाणा, मास्तर."

मास्तरांनी हाणलं. साडेअकरा मिनिटं झाली. दीड मिनिट जास्त भरलं म्हणून मास्तर हळहळले, पण गाव मात्र जागच्या जागी थिजलं होतं. पाणी शेंदणाऱ्या बायांच्या हातात दोर तसेच राहिले, बादल्या अर्ध्या विहिरीत लोंबकळत राहिल्या. न्हाव्यानं एका गालावर साबण तसाच ठेवून गिऱ्हाइकाला घरी पाठवलं, कारण न्हाव्याचा पोरगा दहावीला होता.

दुसऱ्या दिवसापासून गावाला झोपेचा नाद लागला. पिठाची गिरणी दिवस मावळायच्या आत बंद. भजनी मंडळाला परीक्षा संपेपर्यंत टाळ गुंडाळून ठेवायला लावले. कुत्र्यांना भाकरी दाखवत दाखवत शिवेबाहेर नेऊन सोडलं, आणि म्हणतात, ती कुत्री पलीकडच्या गावात जाऊन आमच्या वाटणीचं भुंकत होती. ज्या घरात आठवड्यापूर्वी "वाच, न्हाईतर टाळकं फोडीन" असं ओरडत होते, त्याच घरात आता "झोप, न्हाईतर टाळकं फोडीन" सुरू झालं.

त्यात सगळ्यात कडक बंदोबस्त होता तो लालासाहेबांच्या घरी.

लालासाहेब फौजेतून नाईक होऊन आलेले. ऊस दोन एकर, मिशी एक वीत. थोरली लेक विजयमाला दहावीला. तिला डी. एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. चुलत्यांनी फलटणकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं आणि वैशाखातला मुहूर्तही काढायला लावला होता. पण लालासाहेबांनी भावकीत बसून शब्द दिला होता : "पोरगी ह्या बारीला पास झाली तर शिकंल. न झाली, तर मी लगनाला आडवा येनार न्हाई." फौजेतल्या माणसाचा शब्द, तो मागं घेता येत नव्हता, आणि पोरीला तो पाठ होता.

इकडे मास्तर लेख घेऊन सांगलीला गेले. केंद्रावर कार्यक्रम बघणाऱ्या बाई होत्या, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात तांबडी पेन्सिल. त्यांनी पहिलं पान वाचलं, मान डोलावली. दुसऱ्या पानावर पेन्सिल टेकवली आणि तशीच खाली ओढत नेली, जसं वावरात पाळी घालणारं औत.

"मेंदू चिपाडासारखा सुकतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे... असं म्हणतात."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. भूगोल आणि गणित."

"मग आपण सवयी सांगू. रोग सांगायचे नाहीत, औषधं सांगायची नाहीत, अमुक केलं नाही तर तमुक होईलच असंही सांगायचं नाही. 'दूध प्यायलं की झोप लागतेच' हेही नको. 'काहींना बरं वाटतं' म्हणा." पेन्सिल पुढे सरकली आणि थांबली. "हा खंडाळ्याचा मुलगा कोण?"

मास्तरांनी घसा खाकरला. "तो... ऐकणाऱ्याला पटावं म्हणून."

"नाव?"

"नाव नाही ठेवलं अजून."

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, तुमच्या लेखात झोपलेल्या मुलाला दहा सूचना आहेत. ज्याला झोप लागली नाही त्याला एकही नाही. त्या बिचाऱ्याला रात्री पडल्या पडल्या तुमचा हा पोरगा आठवेल, आणि मग त्याला झोप लागेल का?"

 तिथंच टेबलाशी बसून मास्तरांनी बाईंच्या सांगण्यावरून नवी सहा वाक्यं लिहिली. झोप लागली नाही तर घड्याळ बघत बसू नये. थोडा वेळ उठून शांत बसावं, वाटलं की परत आडवं व्हावं. एखादी रात्र अशी गेली म्हणून पेपर हातचा गेला असं समजू नये. सकाळी ठरल्या वेळी उठून, दोन घास खाऊन जावं आणि येतं ते आधी लिहावं. असंच बरेच दिवस चाललं तर घरात, शाळेत सांगावं, डॉक्टरांना विचारावं. जागायच्या किंवा झोपायच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत. मग काचेच्या खोलीत बसून, पान वाजू नये म्हणून एकेक सुटा कागद अलगद बाजूला सरकवत, मास्तरांनी भाषण वाचलं. नऊ मिनिटं पन्नास सेकंद. बाई म्हणाल्या, "आता छान झालं."

मास्तरांना ते अजिबात छान वाटलं नव्हतं. मीठ काढून घेतलेल्या आमटीसारखं वाटलं होतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी भाषण लागलं. ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर सगळं गाव बसलेलं. नऊ मिनिटं पन्नास सेकंद झाली, आणि गाव एकमेकांकडे बघायला लागलं.

"खंडाळ्याचं पोरगं कुठं गेलं, मास्तर?" केरबानं विचारलं.

इथं मास्तरांची चूक झाली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण भोवती दोनशे माणसं, आणि आपला लेख एका बाईनं तांबड्या पेन्सिलीनं तासला हे सांगायचं म्हणजे अवघड. मास्तर नुसते हसले आणि म्हणाले, "कात्री लागली, गड्या."

झालं. गावानं बाकीचं स्वतः पुरं केलं. सरकारनं खरं ते कापलं. लोकांत घबराट होऊ नये म्हणून कापलं. उद्या पोरं पेपरला बसायची नाहीत म्हणून कापलं. सोमवारपर्यंत खंडाळ्याची पोरं एकाची सात झाली होती, आणि त्यातला एक तर आपल्या गावातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याच्या शेजारी राहत होता. जे रेडिओवर ऐकलं त्यापेक्षा जे ऐकू दिलं नाही तेच आमच्या गावाला खरं वाटलं. मास्तरांनी हे सगळं ऐकलं आणि मिशीत हसून सोडून दिलं.

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी नऊ वाजता केरबा धावत मास्तरांच्या दारात आला. धाप इतकी, की मधले शब्द दारात पोचायच्या आधीच वाऱ्यावर गेले.

"मास्तर... लालासायबाची पोर... पेपरला जात न्हाई म्हनती!"

"काय झालं? आजारी आहे?"

"रातभर झोप न्हाई लागली म्हनं. आता समदं इसरलं म्हनती. तुमच्या त्या पोरावानी."

मास्तरांच्या हातातला तांब्या खाली पडला. अंगात सदरा उलटा घालून ते तसेच निघाले. केरबा मागून सांगत होता, "सदरा, मास्तर, सदरा," पण त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं.

लालासाहेबांच्या घरात सामसूम होती. विजयमाला भिंतीला टेकून बसलेली, वेणी सुटलेली, डोळे लाल. शेजारी दप्तर भरून तयार : शाई भरलेलं पेन, दुसरं पेन, पट्टी, प्रवेशपत्र. लेखातल्या सूचनेप्रमाणे आदल्या संध्याकाळीच भरलेलं. लालासाहेब मध्ये उभे होते, हात मागे, पण तोंड असं की जणू समोरची पलटण न सांगताच घरी निघून गेली आहे. विजयमालाची आई, बनुबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती.

"बसा मास्तर," लालासाहेब म्हणाले. "तुमी सांगितलं ते समदं केलं आमी. आठ वाजता दिवा बंद. कुनाला खोकू दिलं न्हाई. म्हशीच्या गळ्यातली घंटा काढली. आनि मी सोता दर अर्ध्या तासानं बॅटरी मारून बघत हुतो, पोर झोपलीय का म्हनून."

"कुठं मारत होता बॅटरी?"

"तोंडावर. दुसरीकडं कुटं मारून कळनार?"



"मी तीन येळा झोपेचं सोंग घेतलं, मास्तर," विजयमाला म्हणाली. आवाज बसलेला. "चौथ्या येळी आबा म्हनाले, पापनी हालतीया, झोपली न्हाई अजून. मग मला तुमचा पोरगा दिसायला लागला. एकेक धडा आठवून बघत हुते, आनि एकेक जात हुता. आता काई न्हाई डोक्यात. मी जाऊन काय लिवू? कोरा पेपर दिऊ?"

"नापास झाली तर सबूद माझा माझ्याच गळ्यात," लालासाहेब हळूच म्हणाले. "न्हाई गेली तर तेच."

आता मास्तरांना पळायला जागा नव्हती. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. दारात केरबा, त्याच्यामागे न्हावी, त्याच्यामागे अर्धी गल्ली. मास्तर म्हणाले, "विजे, ऐक. तो पोरगा नाही."

"मेला?" बनुबाईचा हात भाकरीवर थांबला.

"नाही हो. जन्मलाच नाही. मी खंडाळ्याला आयुष्यात एकदाच गेलोय, तेही एस. टी.च्या खिडकीतून. तो पोरगा मी लिहिला. मेंदू सुकतो तेही मी लिहिलं. त्यातलं मला काही माहीत नाही. रेडिओवरच्या बाईंनी विचारलं, नाव काय त्याचं, तर मला सांगता आलं नाही. म्हणून त्यांनी कापलं. सरकार-बिरकार कुणी नाही."

दारात असा सुस्कारा उठला, की परसातल्या कोंबड्या फडफडल्या. न्हावी म्हणाला, "आनि माझ्या पोराला मी चार दिस दळान आनायला धाडलं न्हाई, दमंल म्हनून!"

पण विजयमालानं मान हलवली. "तुमी आत्ता खोटं बोलताय. मी पेपरला जावं म्हनून."

 हा धक्का मास्तरांना नवा होता. तीस वर्षं खोट्याला लोकांनी खरं मानलं होतं. पहिल्यांदा ते खरं बोलत होते, आणि ते कुणाला पटत नव्हतं. त्यांनी शपथ घ्यायला हात वर केला, तर सदऱ्याचा उलटा खिसा बाहेर लोंबला, आणि दारातलं एक पोरगं फिसकन हसलं.

बनुबाईनं हात धुतले. पदराला पुसत ती लेकीपुढे येऊन बसली.

"विजे, तुज्या बापाचं नाव काय?"

"काय गं आये..."

"सांग म्हनते न्हवं."

"लालासायेब."

"त्येच्या बापाचं?"

"आप्पासो."

"आनि ह्या मास्तरानं सांगितलेल्या पोराला सोताच्या बापाचं नाव येत न्हवतं. त्योबी रातभर जागा, तूबी रातभर जागी. तुला तर आज्याचंबी येतंय." बनुबाईनं मास्तरांकडे एक नजर टाकली. ती नजर इतकी धारदार होती की मास्तरांनी कान चाचपून बघितले. "म्हंजे एक तर ह्यो पोरगा खोटा, न्हाईतर तू त्येच्यापरीस हुशार. दोनीतलं कंचंबी असू दे, तू ऊठ."

विजयमाला उठली नाही.

"कवितेचं एक कडवं म्हन," बनुबाई म्हणाली. "मला काय कळनार न्हाई, पर तू म्हन."

विजयमालानं सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला अडखळली, तेव्हा सगळी गल्ली श्वास रोखून उभी राहिली. ती थोडी मागे गेली, पुन्हा तिथवर आली, आणि पुढे गेली. कडवं संपलं. पाठोपाठ तिनं न सांगता दुसरं म्हटलं, आणि तिचा स्वतःचाच चेहरा असा झाला, जणू हरवलेली शेरडं एकेक करून आपली आपण घरी येत आहेत.

"पर डोकं जड हाय, आये."

"असंल. डोळंबी जड असतील. भाकरी खा. जेवढं येतंय तेवढं लिव. मास्तर, रेडिओवर काय सांगितलं हुतं तुमी, येतं ते आदी लिवा म्हनून?"

"हो. ते बाईंनी सांगितलेलं," मास्तर म्हणाले.

"मंग बाईचं ऐक, विजे. मास्तरचं नगं."

एस. टी. तोवर निघून गेली होती. आष्ट्याचं परीक्षा केंद्र अडीच कोसांवर, पेपर अकराला. लालासाहेबांनी सायकल काढली, विजयमालाला मागे बसवलं, मांडीवर दप्तर दिलं. मास्तर आपल्या सायकलीवर मागोमाग. वाटेत उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, लालासाहेबांनी एवढ्या मोठ्यानं "बाजू!" म्हणून ओरडावं, की बैलांनी गाडीवानाला न विचारता रस्ता सोडावा. मधल्या चढावर मास्तरांची साखळी निसटली. ते सायकल खांद्यावर घेऊन पळाले, आणि लोक अजून सांगतात, की उतारावर सायकलीपेक्षा मास्तरच पुढे होते.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी विजयमाला फाटकाच्या आत गेली. जाताना मागे वळून बघितलं नाही.

बाहेर लिंबाखाली लालासाहेब आणि मास्तर बसले. लालासाहेब तीन तासांत एकच वाक्य बोलले : "मास्तर, फौजेत आमी झोपलेल्या शिपायाच्या तोंडावर बॅटरी मारत न्हवतो. ते आत्ता माझ्या ध्यानात येतंय."  मास्तरांच्या आयुष्यात तीन तास गप्प बसायची ही पहिलीच वेळ, आणि ती त्यांना फार लांब वाटली.

घंटा झाली. पोरापोरींचा लोंढा बाहेर आला. त्यात विजयमाला शेवटी आली, बोटांना शाई, चालणं जरा झोकांड्या खाणारं.

"लिवलं?" लालासाहेबांनी विचारलं.

"लिवलं. निबंध आदी लिवला. व्याकरनातलं एक सुटलं. पर ते मला झोपून उठल्यावरबी आलं नसतं." ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, आज रात्रीबी झोप न्हाई लागली तर?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आत आणखी एखादी गोष्ट जुळून आली होती हे दिसत होतं. डोळ्यांत ती चमक येऊन गेली, आणि लालासाहेबांनी मुठी आवळल्या. मास्तरांनी तोंड मिटलं. मग परत उघडलं.

"तरी उद्याचा पेपर अकरालाच आहे," ते म्हणाले.

 विजयमाला मागच्या कॅरियरवर बसली आणि म्हणाली, "आबा, चला. आनि आज बॅटरी मास्तरांच्या घरी ठिवा."